सगळेच खोटं वचन द्यायला लागले तर? कांटच्या कसोटीत नेमकं काय मोडतं

स्नेहल_पी

यूपीएससीच्या चौथ्या पेपरची, म्हणजे एथिक्सची तयारी करतेय. क्लासच्या नोट्समध्ये कांटवर एक पान आहे आणि त्यातलं ठळक वाक्य असं: "सगळे खोटं बोलू लागले तर एकमेकांवरचा विश्वास उडेल, समाज कोसळेल, म्हणून खोटं बोलणं अनैतिक." त्याच नोट्समध्ये दोन पानं आधी लिहिलंय की परिणाम बघून नीती ठरवतो तो मिल आणि परिणामांकडे ढुंकूनही बघत नाही तो कांट. मग समाज कोसळणं हा परिणाम नाही तर काय आहे? सरांना विचारलं, तर म्हणाले परीक्षेसाठी एवढ्या खोलात जायचं नसतं.

कांटचं १७८५ सालच्या पुस्तकातलं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. एकाला पैशांची निकड आहे. आपल्याला परत करता येणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि अमुक मुदतीत देतो असं वचन दिल्याशिवाय कुणी हात सैल करणार नाही, हेही ठाऊक आहे. द्यावं का वचन? कांट म्हणतो नाही, कारण हा सगळ्यांचा नियम होऊच शकत नाही. 'होऊच शकत नाही' म्हणजे 'झाला तर वाईट होईल' असंच ना? की आणखी काही?

कडू_कारले

सोपं आहे की. उद्या सगळ्यांनी खोटी वचनं दिली तर कोण कुणाला पैसे देईल? भिशी बंद, पतपेढी बंद, वाण्याकडची वही बंद. म्हणून करू नये. आजीच्या भाषेत, आपल्याला कुणी फसवलेलं चालेल का? नाही ना? मग आपणही फसवू नये. एवढ्यासाठी जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. नोट्समधलं वाक्य बरोबर आहे, लिहून मोकळी हो.

ओसरी

कारलेबुवा, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्यात घोळ आहे. तुम्ही ज्याला आजीचा नियम म्हणता तो कांटला माहीत होता आणि आपली कसोटी म्हणजे तो नियम नव्हे, असं त्यानं त्याच पुस्तकात तळटीप घालून बजावलं आहे. त्याचा युक्तिवाद मजेदार आहे. गुन्हेगार न्यायाधीशाला म्हणेल, साहेब, तुम्हाला कुणी तुरुंगात टाकलेलं चालेल का? नाही ना? मग मलाही टाकू नका.

स्नेहल, तुमची शंका रास्त आहे. मिलनंही हाच आक्षेप घेतला होता. कांट विसंगती दाखवतोय असा आव आणतो, प्रत्यक्षात दाखवतो एवढंच की सगळ्यांनी तसं केलं तर परिणाम कुणालाच परवडणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. कॉलेजात बरीच वर्षं हा भाग शिकवला, त्यामुळे जरा सावकाश लिहितो.

आधी त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते एका वाक्यात लिहायचं. त्यात तीन गोष्टी हव्यात: परिस्थिती कोणती, कृती कोणती आणि कशासाठी. म्हणजे असं: "पैशांची अडचण आली की, फेडता येणार नाहीत हे ठाऊक असूनही, फेडीन असं वचन देऊन मी पैसे मिळवीन." याला आपण सूत्र म्हणू. बहुतेक नोट्समध्ये ही पायरीच गाळलेली असते आणि थेट 'खोटं बोलणं' या दोन शब्दांना कसोटी लावतात. कसोटी सूत्राला लागते. 'कशासाठी' काढून टाकलंत की पुढचं काहीच जमत नाही.

मग ते सूत्र निसर्गनियम झालंय असं समजायचं. सगळ्यांनी करावं असा हुकूम सुटलाय, असं नव्हे. दगड सोडला की खाली पडतो, तसा प्रत्येक अडचणीतला माणूस असंच वचन देतो. आणि हे सगळ्यांना माहीत आहे, जसं दगडाचं माहीत असतं.

आता त्या जगात जायचं आणि आपलं मूळ काम करून बघायचं. तुम्ही सावकाराच्या ओटीवर बसलात आणि म्हणालात, "दिवाळीपर्यंत देतो, शब्द देतो." तो काय करेल? रागावेल? दुखावला जाईल? नाही, हसेल. कांटनं हेच लिहिलंय की असल्या बोलण्याला लोक पोकळ सोंग समजून हसतील. तुमच्या तोंडून शब्द बाहेर पडले, पण ते वचन झालंच नाही, कारण वचन म्हणून ते घ्यायला समोर कुणी उरलेलं नाही. आणि पैसे मिळवणं हा जो हेतू होता तोही बुडाला. एकाच वेळी तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: वचनाला किंमत हवी, म्हणजे पैसे मिळतील, आणि वचनाची किंमत घालवणारा नियमही हवा. अडतं ते इथे.

हा परिणामांचा हिशोब नाही हे कसं ओळखायचं? आकडेमोड उलटी करून बघा. समजा, त्या जगात उसनवारी बंद झाल्यामुळे सगळे सुखी झाले. कर्ज नाही, तगादा नाही, लोक गरजवंताला सरळ देणगी देतात. मिलला हे जग आवडेल, त्याच्या हिशोबानं नियम पास. कांटच्या कसोटीत मात्र तुमचं सूत्र त्या सुखी जगातही नापासच, कारण 'वचन देऊन पैसे मिळवीन' हे तिथेही जमत नाही. जग सुखी झालं की दुःखी, याच्याशी कसोटीला देणंघेणं नाही.

कडू_कारले

तळटीपेचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण सुखी जगाचं उदाहरण म्हणजे वकिली वाटते.

स्नेहल_पी

ओसरी सर, खूप आभार. म्हणजे नोट्समधलं वाक्य 'समाज कोसळेल' असं न लिहिता 'त्या जगात हे खोटं वचन देताच येणार नाही' असं हवं. बरोबर ना?

ओसरी

बरोबर. आणि 'ज्या हेतूनं दिलं तो हेतू साधणार नाही', हेही जोडा.

रानवारा

वाचता वाचता माझाच विषय निघाल्यासारखं झालं. मी दोन वर्षांपूर्वी मेहुण्याकडून चाळीस हजार हातउसने घेतले, दिवाळीला देतो म्हणून. दिवाळीच्या आधीच कंपनीनं कमी केलं. अजून नीट बस्तान बसलेलं नाही. म्हणजे हा कांट मला खोटारडा म्हणणार का? ज्याला कधी पगाराची चिंता नव्हती अशा प्रोफेसराला हे बोलायला काय जातं? वचन मोडणारा प्रत्येक जण लबाड असतो का?

मीनल

रानवारा दादा, नाही हो. उदाहरण परत वाचा. त्या माणसाला वचन देताना ठाऊक आहे की तो फेडणार नाही. तुम्ही दिलंत तेव्हा द्यायचेच होते, पगार सुरू होता. घरोघरी सगळ्यांनी असंच केलं, म्हणजे खऱ्या मनानं वचन दिलं आणि कधी कधी परिस्थितीनं जमलं नाही, तर वचन ही गोष्ट संपत नाही. आत्ताचं जग तेच तर आहे. लोक थोडा धोका धरून देतातच की.

ओसरी

मीनलताईंनी अचूक सांगितलं. दिलेलं वचन पुढे मोडणं आणि मोडायच्या इराद्यानंच देणं यांची सूत्रं वेगवेगळी आहेत. कांटचं उदाहरण दुसऱ्याचं आहे. आणि रानवारा, त्याच्या पगाराचं म्हणाल, तर तो खोगीर बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा होता आणि मोठ्या प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत, म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, मुख्यतः खाजगी शिकवणी आणि विद्यार्थ्यांच्या फीवर त्याचं भागत होतं.

एक विचारू? मेहुणे फोन करतात तेव्हा काय सांगता?

रानवारा

सांगतो पुढच्या महिन्यात नक्की. आणखी काय सांगणार? बहिणीचं घर आहे ते.

कोर्टकचेरी

तपासायचं ते हे वाक्य आहे. पहिल्या चाळीस हजारांवर काही बोट ठेवता येत नाही. पण 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणताना पुढच्या महिन्याचा हिशोब तुमच्या डोक्यात तयार आहे आणि त्यात ते पैसे बसत नाहीयेत, हे तुम्हालाही माहीत आहे. सूत्र असं: "तगादा टाळायला, जमणार नाही हे ठाऊक असताना, नवी तारीख देईन." सगळे देणेकरी असंच करतात म्हटल्यावर नव्या तारखेनं तगादा टळतच नाही. आमच्याकडे चेक बाउन्सच्या केसेसमध्ये ही कसोटी आधीच लागून झालेली असते. तिसऱ्या तारखेनंतर सावकार तारीख ऐकूनच घेत नाही.

रानवारा

तुम्हाला काय, फी घेऊन बोलता. बहिणीला "मला कधी जमेल सांगता येत नाही" असं म्हणून बघा एकदा, मग कळेल.

कोर्टकचेरी

तेही खरं आहे. चर्चा पुढे नेतो, कारण मला खरा आक्षेप इथेच आहे. कांटनं तीन वर्षांनी, १७८८ च्या पुस्तकात, ठेवीचं उदाहरण दिलंय. एकानं तुमच्याकडे ठेव ठेवली, तो वारला, कागद काही नाही. मिळेल त्या सुरक्षित मार्गानं आपली मत्ता वाढवायची, हे तुमचं सूत्र. ठेव नाकारावी का? कांट म्हणतो, ज्याचा पुरावा नाही ती ठेव प्रत्येकानं नाकारावी असा नियम केला, तर ठेवी ठेवणंच बंद होईल, म्हणजे नियम स्वतःलाच खातो.

यावर पुढच्या पिढीतला जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यानं विचारलं, ठेवी बंद झाल्या तर झाल्या, त्यात विसंगती कुठली? ठेव नसलेलं जग हे काही चौकोनी वर्तुळ नाही. वकील म्हणून मला हे पटतं. बिनकागदाची ठेव कायद्यानं उद्या बंद केली तर काही आकाश कोसळणार नाही. विसंगती दिसते ती फक्त 'ठेव असली पाहिजे' हे आधीच धरून चाललं म्हणून.

ओसरी

हेगेलचा आक्षेप वजनदार आहे आणि कांटवाल्यांना त्यानं बराच घाम फोडला. जगात ठेवी नसण्यात विसंगती नाही, हे सपशेल मान्य. अमेरिकेच्या ख्रिस्तीन कोर्सगार्ड यांनी १९८५ च्या एका निबंधात याचं जे उत्तर दिलं, ते मला सर्वांत टिकाऊ वाटतं. विसंगती जगात शोधू नका, त्या माणसाच्या बेतात शोधा. ठेव गिळणाऱ्याला ठेवीची प्रथा हवीच आहे, तिच्याशिवाय त्याच्या घरात ते पैसे आलेच नसते. ठेव असलीच पाहिजे असं कांट म्हणत नाही, ते म्हणतोय तो गिळणारा, स्वतःच्या वागण्यातून. आणि वर तो असा नियम इच्छितो की ज्यानं त्याचंच हत्यार बोथट होईल. सगळ्यांनी पाळावं आणि मी एकट्यानं मोडावं, एवढी सवलत त्याला हवी असते. कसोटी पकडते ती ही सवलत.

कोर्टकचेरी

मग तर आणखी अडचण. समजा, एखाद्याला वचन ही प्रथाच बुडवायची आहे. तो खोटी वचनं देतो ती पैशासाठी नव्हे, लोकांचा शब्दावरचा विश्वास उडावा म्हणून. सगळ्यांनी तसं केलं तर त्याचा हेतू फसत नाही, उलट लवकर साधतो. तो पास?

ओसरी

सूत्र जसंच्या तसं धरलं तर पास, आणि इथे कसोटीचा हात आखूड पडतो हे कबूल केलं पाहिजे. फुकट्याला ती नेमकी पकडते, जाळायलाच निघालेल्याला पकडत नाही. सुडापोटी केलेल्या खुनाचंही तसंच आहे, सगळ्यांनी सूड घेतला म्हणून तुमचा सुरा चालायचा थांबत नाही. तिथे कांटची दुसरी कसोटी लागते, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका ही. त्यानं खोट्या वचनाचं हेच उदाहरण तिथे पुन्हा घेतलंय. ज्याला मी फसवतोय तो माझ्या या वागण्याला संमती देऊच शकत नाही, कारण त्याला खरं कळलं तर फसवणूकच उरत नाही. दोन्ही कसोट्या म्हणजे एकाच नियमाची रूपं असं कांट म्हणतो. मला ते कधीच पूर्ण पटलेलं नाही.

कडू_कारले

आता माझं घ्या. मी गर्दी नको म्हणून पहाटे ६:१० ची लोकल पकडतो. सूत्र: "गर्दी टाळायला मी ६:१० ची गाडी पकडीन." सगळ्यांनी केलं तर ६:१० ला चेंगराचेंगरी, माझा हेतू फसला, नियम स्वतःलाच खातो. म्हणजे मी अनैतिक? उलटं टोक बघा. "मंगळवारी, अमावास्या असताना, डाव्या पायाला फ्रॅक्चर झालेल्या माणसानं मेहुण्याला खोटं वचन द्यावं." हे सगळ्यांनी केलं तरी जगात चार-पाचच वचनं मोडतील, कुणाचा विश्वास उडणार नाही. पास! असली कसली कसोटी, निर्दोषाला पकडते आणि चोराला सोडते?

रानवारा

डावा पाय म्हणे. मेहुणा माझा आहे हो, उदाहरणाला दुसरं कुणी घ्या.

स्नेहल_पी

लोकलचं मलाही कळत नाहीये. पण फ्रॅक्चरचं उत्तर ओसरी सरांच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे ना? सूत्र म्हणजे माणूस खरोखर ज्या विचारानं वागतो तो. मंगळवार आणि पाय यांचा पैसे मिळण्याशी संबंधच नाही. बुधवार असता तर तुम्ही वचन दिलं नसतं का? दिलं असतं. मग मंगळवार तुमच्या विचारात नाहीच, तो पास होण्यासाठी मागाहून चिकटवलाय.

ओसरी

वा. हे परीक्षेत जसंच्या तसं लिहा.

लोकलचा प्रश्न मात्र खरोखरच चिवट आहे. कांटवर लिहिणाऱ्यांनी रविवारी सकाळी टेनिस कोर्ट रिकामं असताना खेळायला जाण्याचं असंच उदाहरण चघळलंय. एक उत्तर असं की कारलेबुवांचं खरं सूत्र '६:१० ला जाईन' हे नाही, 'कमी गर्दीची वेळ बघून जाईन' हे आहे. ६:१० ला गर्दी झाली तर ते ५:४० ची धरतील. ते सगळ्यांनी केलं तर गर्दी दिवसभर पसरते, कुणाचं बिघडत नाही. दुसरं म्हणजे ६:१० च्या डब्यात मोकळी जागा मिळणं हा एक योग आहे, कुणी कुणाला दिलेला शब्द नाही. इतरांनी नियम पाळावा आणि मी मोडावा, असं तिथे काही घडत नाही. पण मग 'हेतू फसला की नापास' एवढ्यावर कसोटी चालत नाही, फसला तो कशामुळे हेही बघावं लागतं, आणि ते ठरवायला आधीच थोडी नैतिक समज लागते. यावर एकमत नाही.

मीनल

मला वेगळंच विचारायचंय, जरा घरचं आहे. आईला कॅन्सर झाला तेव्हा आम्ही तिला सांगितलं नाही. गाठ साधी आहे म्हणालो. फाइलला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आणि केमोला घरात सगळे 'ताकदीचं सलाईन' म्हणायचो. पैशासाठी नाही, फायद्यासाठी नाही, तिनं धीर सोडू नये म्हणून. हेही सावकाराला फसवण्याच्याच रांगेत बसवणार का?

पुढे झालं असं, की शेजारच्या काकूंना कावीळ झाली. बरं वाटल्यावर डॉक्टरांनी त्यांना खरंखुरं ताकदीचं सलाईन लावलं, तर त्या रात्रभर रडल्या. "तुमच्या आईलाही हेच सांगितलं होतं," म्हणाल्या. मुलानं रिपोर्ट वाचून दाखवले तरी विश्वास बसेना, म्हणे दुसऱ्या कुणाचे असतील.

ओसरी

मीनलताई, रांगेत बसवायची घाई नको. सूत्र लिहून बघू. "रुग्णानं धीर सोडू नये म्हणून, दुखणं गंभीर असताना, साधं आहे असं सांगेन." हे सगळीकडे होतं आणि सगळ्यांना ठाऊक आहे असं धरलं, तर 'साधं आहे' या शब्दांनी धीर येईल का? गंभीर असलेल्याला येणार नाही आणि, काकूंसारखा, साधं असलेल्यालाही येणार नाही. चांगल्या हेतूनं बोललेलं असत्यही ज्या विश्वासावर जगतं, तो त्याच विश्वासाला खातं. एवढ्यापुरतं सावकाराच्या उदाहरणाशी साम्य आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. काकूंचं जे झालं तो पुरावा आहे, घडलेला परिणाम. कसोटीला त्याची वाट बघावी लागत नाही. काकू रडल्या नसत्या तरी उत्तर तेच आलं असतं.

पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र सांगितल्यात. 'सांगितलं नाही' आणि 'साधी गाठ आहे म्हणालो'. न सांगणं कांटला चालतं. बोललेलं सगळं खरं असलं पाहिजे, पण खरं असेल ते सगळं बोललंच पाहिजे असं नाही, ही त्याची भूमिका. आईंनी सरळ विचारलं होतं का?

मीनल

एकदाच विचारलं. सलाईन लावलेलं असताना, नर्स बाहेर गेल्यावर. मी म्हटलं नाही ग, काहीतरीच काय. त्या क्षणी दुसरं काय बोलायला हवं होतं हे मला अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही, आणि कसोटीनंही सांगितलं नाही. तिनं सांगितलं फक्त काय बोलायचं नाही ते.

बखर_वाचक

मीनलताईंचं वाचून राहवलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न कांटच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक कायम खरं बोलणारा तपस्वी. लुटारूंच्या भीतीनं काही लोक पळत येऊन रानात लपतात. लुटारू येऊन कौशिकाला विचारतात, लोक कुठे गेले? तो खरं सांगतो, लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. कृष्णाचं म्हणणं, गप्प राहून सुटका होत असेल तर गप्प राहा, बोलावंच लागलं तर तिथे असत्यच बरं. प्रसंगही बघा कसा आहे. 'गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि तसं म्हणून बसलाय खुद्द युधिष्ठिर. म्हणजे एकाच जागी खोटं बोलणं आणि वचन मोडणं, दोन्ही. कांटच्या एका निबंधात खुनी दारात येऊन घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारतो, तेव्हाही कांट म्हणाला खरंच सांग. कौशिकाच्या शेजारीच जागा मिळाली असणार त्याला.

ओसरी

त्या १७९७ च्या निबंधानं कांटची बरीच बदनामी केली आणि त्याला तोच जबाबदार आहे. फ्रेंच लेखक बेंजामिन काँस्तां यानं लिहिलं होतं की सत्य ऐकण्याचा हक्क ज्याला आहे त्याच्याशीच खरं बोलण्याचं कर्तव्य असतं, खुन्याला तो हक्क नाही. कांट त्र्याहत्तराव्या वर्षी उत्तर देतो, नाही, तिथेही खोटं बोलू नये. तुम्ही 'घरात नाही' म्हणालात आणि मित्र खरोखरच मागच्या दारानं निसटून त्या खुन्यालाच रस्त्यात सापडला, तर त्या खोट्याचं उत्तरदायित्व तुमचं.

पण गंमत अशी, की हे उत्तर आपण वर चालवलेल्या कसोटीतून सरळ येत नाही. त्या निबंधात तो कायद्याच्या, करारांच्या भाषेत बोलतोय. कसोटीच लावायची तर, कोर्सगार्डबाईंनीच १९८६ मध्ये दाखवलं, खुनी दारात येऊन 'मारायला आलोय' असं सांगत नाही, कुठल्यातरी बहाण्यानं चौकशी करतो. आपण ओळखले गेलो नाही असं तो समजतो. मग जगातले सगळे लोक खुन्यांशी खोटं बोलतात हे त्याला माहीत असलं, तरी तुमच्या शब्दावर तो विश्वास ठेवेल. खोटं चालतं, सूत्र पास.

बखरवाचक, यात एक पेच आहे. कौशिकाचे लुटारू बहाणा करत नाहीत, उघडच विचारतात. 'लुटारूंना खोटं सांगावं' हा सर्वांचा नियम झाला, तर ते कौशिकावर विश्वास ठेवणार नाहीत आणि खोटं फुकट जाईल. म्हणजे या कसोटीपुरती महाभारतातली गोष्ट कांटच्या गोष्टीहून अवघड आहे.

बखर_वाचक

फुकट गेलं तर गेलं की. निदान लोक कुठे आहेत ते कळलं तरी नाही! कौशिकाला लुटारूंना दुसरीकडे वळवायचंच नसेल, नुसतं न सांगणं साधायचं असेल, तर हेतू फसतो कुठे?

ओसरी

हं. हा हेतू धरला तर फसत नाही. विचार करतो यावर.

कोर्टकचेरी

तुम्ही विचार करा तोवर मी कांटसाहेबांनाच पिंजऱ्यात उभं करतो. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाकडून त्याला खरमरीत पत्र आलं, धर्माविषयी जे लिहितोस ते थांबव. कांटनं लेखी कळवलं की "महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन म्हणून" मी धर्मावर जाहीर व्याख्यानं आणि लेखन थांबवतो. १७९७ मध्ये राजा वारला. १७९८ मध्ये कांटनं पुस्तक काढलं आणि प्रस्तावनेत तो पत्रव्यवहार छापून वर खुलासा केला की ते शब्द मुद्दाम निवडले होते, म्हणजे वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच राहील.

आता सूत्र लिहा. "अडचणीतून सुटायला, समोरच्याला जास्त वाटेल पण मला कमी बांधून घेईल, अशा शब्दांत वचन देईन." सगळ्यांनी असं केलं तर प्रत्येक वचन घेणारा शब्दन् शब्द तपासून घेईल आणि ही युक्ती कुणाच्याच उपयोगाची राहणार नाही. नापास. की नाही?

ओसरी

इतक्या लवकर नाही. त्यानं दिलेला शब्द राजा असेपर्यंत पाळला, अक्षरशः पाळला. खोटं काही लिहिलं नाही. राजाची गैरसमजूत झालीच होती याला तरी काय पुरावा? 'प्रजाजन म्हणून' हे त्या काळी नुसतं शिष्टाचाराचं वाक्य नव्हतं. प्रजाजनाचं नातं राजाशी, राजा गेला की ते नातं गेलं. न बोलणं आणि खोटं बोलणं यातला फरक मी वर मीनलताईंना सांगितला, तोच इथे लागतो.

मीनल

सर, तसं असेल तर 'ताकदीचं सलाईन' पण खरंच होतं. त्यात ताकदीचं औषधही असायचं, नर्सनंच सांगितलं होतं.

कोर्टकचेरी

मीनलताई, तुम्ही वकिलीत यायला हवं होतं. सर, आता यावर बोला. आईंना जे वाटावं म्हणून तो शब्द निवडला आणि राजाला जे वाटावं म्हणून ते शब्द निवडले, यात फरक काय? आणि शब्दन् शब्द तपासण्याचं जग कल्पनेतलं नाही. बिल्डरबरोबरचा फ्लॅटचा करारनामा एकदा काढून बघा, किती पानांचा असतो तो.

स्नेहल_पी

दहा मार्कांचं उत्तर, दीडशे शब्द मर्यादा. मला फक्त नोट्समधलं एक वाक्य दुरुस्त करायचं होतं हो :) पण सर, राजाचं उत्तर द्याच, वाट बघतेय.

ओसरी

देतो. आईंच्या बाबतीत त्यांनी सरळ विचारलं होतं, राजानं 'माझ्यानंतरही का?' असं विचारलं नव्हतं. सध्या माझं उत्तर एवढंच आहे, आणि कोर्टकचेरी ते टिकू देणार नाहीत हे दिसतंय.

कोर्टकचेरी

नाही देणार. राजाला विचारायची गरज पडू नये, म्हणूनच तर ते शब्द होते. उद्या तारीख आहे, रात्री लिहितो.